आपण केलेलंच दुसऱ्यात दिसतं तेव्हा: कॅनिंग कारखान्यातली एक नोंदवही आणि प्रक्षेपण

खाडीकाठ
रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन बघतो. प्रश्न माणसांचा आहे, पण कामाची पद्धत सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हापूसचा रस गरम करून 3.1 किलोच्या डब्यांत भरतात, लगेच झाकण सील होतं, मग डबे उकळत्या पाण्यातून काढून गार करतात. भरताना रस 85 अंशांच्या खाली जाता कामा नये, हा आमचा नियम. म्हणून दर अर्ध्या तासाने लॅबचा माणूस तापमान घेतो आणि वहीत लिहितो. भरलेला माल काही दिवस गोदामात निरीक्षणाखाली असतो. यंदा ऐन मे महिन्यात एका बॅचचे डबे फुगले.

गोदामातून निरोप आला तेव्हा लॅबच्या मॅडम तिथेच होत्या. वीस वर्षांच्या अनुभवी, कामाला चोख, त्यांच्या शब्दावर मालकही माल सोडतात. कुणी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "हे त्या पोराचं काम. तो तापमान घेतच नाही, शेवटी बसून एकदम आकडे भरतो. आणा वही, दाखवते." पोरगा म्हणजे यंदाच लागलेला केमिस्ट.

वही आली. बॅच मॅडमच्या रात्रपाळीची निघाली. दीड ते तीनपर्यंतच्या चारही नोंदी 88, एकाच पेनाने, एकाच ओघात लिहिलेल्या. जनरेटरची वही काढली तर लाइट 2.10 ला गेली होती. जनरेटर लगेच घेतलाच नाही, 2.50 पर्यंत लाइन बंद. म्हणजे अडीचला भरायला रसच वाहत नव्हता, तरी वहीत 88. हॉपरमधला रस तेवढ्यात गार झाला असणार आणि लाइन सुरू झाल्यावर तोच पहिल्या डब्यांत गेला असणार.

मी जनरेटरची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या रात्री मी लॅबमध्येच होते." आणि लगेच पोराच्या पानावरची खाडाखोड दाखवायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावरचा राग दुप्पट झालाय. या बाईंना मी आठ-दहा सीझन ओळखतो, त्या धडधडीत खोटं बोलतील असं वाटत नाही. मग हे काय आहे? आणि मी काय करू?

मालवणी_तिखला
माका एक सांगा, ह्यात एवढा कोडा कसला? चोराच्या मनात चांदणा. माणूस दुसऱ्याक जो दोष देता तो त्याच्यातच असता, ह्या मानसशास्त्रात सिद्ध झालेला आसा. प्रक्षेपण म्हणतत त्याका. कोण कोणाक आळशी म्हणता, तो स्वतः आळशी. लबाड म्हणता, तो लबाड. ह्या एक सूत्र पकडलास की हापिसातली सगळी माणसा वाचूक येतत.

कातळसडा
मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते, मनोगतिक पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. तिखला यांनी नाव बरोबर घेतलं, पण सूत्र फार ताणलंय. गोदामातल्या माणसाने "डबे फुगले" असं सांगितलं, म्हणून तो स्वतः फुगलेला ठरत नाही. दोष देणारी बहुतेक माणसं समोर दिसतंय तेच सांगत असतात. त्या सूत्राने चाललं तर तक्रार करणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरेल, आणि कामाच्या ठिकाणी हे सूत्र नेमकं तसंच वापरलं जातं. एखादी बाई साहेबांच्या वागण्याची तक्रार करते आणि तिलाच ऐकवतात की हे तुझ्याच मनात आहे.

चांदण्याच्या म्हणीतल्या चोराला आपण चोरी केली हे माहीत असतं, पकडलं जाण्याची त्याला धास्ती असते. धागाकर्त्यांच्या मॅडमच्या बाबतीत प्रश्न नेमका इथेच आहे: त्यांना माहीत आहे का?

मला सर्वांत बोलकी वाटली ती एक गोष्ट, जी धागाकर्त्यांनी सहज लिहून टाकलीय. वही आणा, असं मॅडमच म्हणाल्या. आपण नोंदी बनावट केल्यात हे पक्कं ठाऊक असलेला माणूस सगळ्यांची नजर त्याच वहीकडे वळवेल का? तो झाकणाच्या सीलवर बोलेल, डब्यांच्या पुरवठादारावर बोलेल. जाणूनबुजून खोटं बोलणारा पुराव्याचा अंदाज घेऊन बोलतो. इथे आरोप तंतोतंत स्वतःच्या कृतीसारखा आहे, पुराव्याकडे बोट दाखवून केलेला आहे, आणि पुरावा उलटा निघाल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की मी प्रक्षेपणाचा विचार करते. आरोप खोटा आहे एवढ्यावरून करत नाही.

हर्णै_लिलाव
आमच्याकडे मासळीच्या कंपनीत हेच चालतं. एक्स्पोर्टचा कंटेनर परत आला की मुंबईचा साहेब मॅनेजरला फोनवर झाडतो, मॅनेजर सुपरवायझरला, सुपरवायझर कोळंबी सोलणाऱ्या बायकांना. परवा एका मावशींना मोजे नीट घातले नाहीत म्हणून सगळ्यांसमोर बोलला, त्यांचा त्या कंटेनरशी काडीचा संबंध नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर. मी त्या मावशींच्या बाजूने बोललो तर मलाच मेमो मिळाला. मेमोला उत्तर लेखी द्यायचं की तोंडी चालतं? मुदत किती असते?

कातळसडा
हर्णै, मेमोला उत्तर लेखीच द्या, पोच घ्या, मुदत मेमोतच लिहिलेली असेल. बाकी कामगार कायद्यातलं जाणकार सांगतील.

पण तुमचं उदाहरण वेगळ्या गोष्टीचं आहे आणि फरक कळायला उपयोगी आहे. सुपरवायझरला आपण चिडलोय हे पुरतं कळत असतं. राग त्याचाच राहतो, फक्त ज्याच्यावर काढता येत नाही त्याच्याऐवजी ज्याच्यावर काढता येतो त्याच्यावर निघतो. ते विस्थापन. मॅडमच्या बाबतीत भावना जागा बदलत नाही, मालक बदलते. "मी आकडे भरले" हे "तो आकडे भरतो" असं होऊन बाहेर दिसायला लागतं. फ्रॉइडने 1911 मध्ये श्रेबर नावाच्या न्यायाधीशाच्या आठवणींवर लिहिताना ही उलटापालट उलगडून दाखवली होती: "मी त्याचा द्वेष करतो" हे मनाला पेलत नाही, म्हणून ते "तो माझा द्वेष करतो" असं होऊन समोर येतं.

निवृत्त_बाई
मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं. फ्रॉइडचं नाव आलं की मला थांबावंसं वाटतं. रात्रपाळी, लाइट गेलेली, घामाने भिजलेली बाई. तिने सकाळी वही भरली आणि विसरून गेली. दमलेल्या माणसाला असल्या क्षुल्लक गोष्टी आठवत नाहीत. त्यासाठी मनाच्या तळघरात कुणीतरी आठवण कोंडून ठेवलीय असं मानायची गरज काय? आणि ते खोटं ठरवायचं कसं? तिने मान्य केलं तर तुमचं बरोबर, अमान्य केलं तर "बघा, दमन किती खोल आहे" म्हणून पुन्हा तुमचंच बरोबर.

कातळसडा
बाई, तुमचा शेवटचा मुद्दा या क्षेत्रातला सगळ्यात जुना आणि खरा आक्षेप आहे, आणि मी तो हलका करणार नाही. दमन बाहेरून दिसत नाही. विसरणं आणि दमन यांतला फरक एका प्रसंगावरून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही, आणि प्रयोगशाळेत दमन पकडायचे प्रयत्न फारसे यशस्वी झालेले नाहीत.

प्रक्षेपणाची स्थिती थोडी बरी आहे. 1997 मध्ये न्यूमन, डफ आणि बाउमाइस्टर यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना आधी सांगितलं की चाचणीत तुमच्यात अमुक-अमुक वाईट गुण निघालेत. मग त्यातल्या एका गुणाचा विचार मनात येऊ द्यायचा नाही असं बजावलं. त्यानंतर एका अनोळखी माणसाचं चित्रीकरण दाखवून तो कसा वाटतो ते विचारलं. जो गुण मनाबाहेर ठेवायला सांगितला होता, नेमका तोच त्या माणसात जास्त दिसला. त्यांचं स्पष्टीकरण साधं होतं. एखादा विचार टाळायचा म्हणजे तो येतोय का यावर सतत पहारा ठेवावा लागतो, आणि त्या पहाऱ्यामुळे तोच विचार सगळ्यात तयार राहतो. समोर काहीही संदिग्ध दिसलं की तो त्याला चिकटतो. पोराच्या वहीतली खाडाखोड तशीच संदिग्ध गोष्ट आहे.

यात तुमच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. पुढच्या वर्षी बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा एकत्र तपासला, तेव्हा त्यांना प्रक्षेपण घडताना दिसलं, पण ते मनाला वाचवतं हे नीट सिद्ध होत नाही असं वाटलं. विचार दाबण्याचा तो एक उपपरिणाम असावा, असा त्यांचा कल होता. मी माझ्या खुर्चीतून पाहते तेव्हा मला त्यात सुटका दिसते. पण माझ्याकडे येणारी माणसं निवडक असतात, हेही खरं.

विसरण्याबद्दल एकच सांगते. साधं विसरलेल्या माणसाला आठवण करून दिली की तो "अरे हो, लाइट गेली होती नाही का" म्हणतो आणि पुढे जातो. मॅडमनी जनरेटरची वही पाहिली, ती खोटी आहे म्हणाल्या नाहीत, खरी आहे म्हणाल्या नाहीत. "मी लॅबमध्येच होते" हे कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. याने सिद्ध काही होत नाही, पण मी तिथे थांबून बघितलं असतं.

निवृत्त_बाई
पहाऱ्याचं स्पष्टीकरण मला पटतं, ते तपासता येतं. तळघर अजून पटत नाही. पण त्यावर इथे अडून बसत नाही. त्या फुगलेल्या मालाचं काय झालं, हे आधी कुणी विचारेल का?

खाडीकाठ
बाई, त्या पाळीची आख्खी बॅच बाजूला काढलीय, बाहेर एकही डबा गेलेला नाही. फुगलेला आणि न फुगलेला, सगळाच माल नष्ट होणार.

आता एक नवीन गोष्ट. काल मी पोराची पानं पुन्हा चाळली. सीझनच्या सुरुवातीला त्याच्या नोंदी 86, 89, 87, मध्येच खोडून 84 आणि पुढे "लाइन थांबवली" अशा आहेत. गेल्या काही दिवसांच्या मात्र अगदी सुबक. 87, 87, 88, 87, एक खाडाखोड नाही. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर रडकुंडीला आला. म्हणाला, "सर, मॅडम रोज पान तपासतात आणि खाडाखोड दिसली की बोलतात. म्हणून मी आधी चिठ्ठीवर लिहितो आणि पाळी संपताना वहीत उतरवतो." चिठ्ठ्या कुठे आहेत विचारलं तर फेकून दिल्या.

म्हणजे आता तो खरोखरच बसून एकदम आकडे भरतोय! मॅडम म्हणत होत्या तेच.

मालवणी_तिखला
बघा! म्हणजे मॅडम बरोबरच होते. धुराशिवाय आग नसता... नाय, आगीशिवाय धूर नसता.

कातळसडा
तिखला, तारखा बघा. आरोप आधी झाला, वागणं नंतर बदललं.

खाडीकाठ, तुम्ही जे पाहिलंत ते या सगळ्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याला प्रक्षेपी तादात्म्य म्हणतात. मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने 1946 मध्ये त्याची पहिली मांडणी केली, पुढच्या लोकांनी ती माणसामाणसांतल्या व्यवहारापर्यंत नेली. नुसत्या प्रक्षेपणात मी तुझ्यात काहीतरी पाहते, तुला पत्ताही नसतो. यात मात्र मी तुझ्याशी रोज अशी वागते की तू हळूहळू तसाच होतोस. मॅडमनी त्याला लपवाछपवी शिकवली नाही. त्यांनी फक्त खरी नोंद महाग केली. खाडाखोड असलेलं खरं पान दाखवलं की बोलणी, सुबक पान दाखवलं की शांतता. कुठलाही नवा मुलगा सुबक पानच दाखवेल. मग मॅडमना ते दिसतं, त्यांचा संशय पक्का होतो, आणि स्वतःच्या त्या रात्रीकडे बघायची गरज आणखी कमी होते.

या अवस्थेत बाहेरून आलेल्या माणसाला दोघंही सारखेच दिसतात. म्हणून "आत्ता कोण खरं बोलतंय" यापेक्षा "आधी काय होतं" ते बघावं लागतं. तुमच्याकडे जुनी पानं आहेत, ती जपून ठेवा.

रागाबद्दल अॅना फ्रॉइडने 1936 मध्ये एक बारकाईचं निरीक्षण नोंदवलं होतं. स्वतःच्या अपराधाची जाणीव वर यायला लागली की दुसऱ्याच्या अपराधावरचा संताप आपोआप चढतो. वही उघडल्यावर राग दुप्पट का झाला, हे मला त्यावरून थोडं समजतं. त्या क्षणी मॅडम सत्याच्या सगळ्यात जवळ होत्या.

सिव्हिल_सिस्टर
मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे, रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे बीपीच्या तक्त्याचं हेच होतं. रात्री एका सिस्टरकडे आख्खा वॉर्ड, सगळ्यांचं दर दोन तासांनी बीपी घेणं हाताला शक्य नसतं. सकाळी राउंडला तक्ता रिकामा दिसला तर बोलणी. तक्ता भरलेला असला की कुणी विचारत नाही. तुमच्या मॅडम वाईट नसतील. वहीत "लाइट नव्हती, तापमान घेतलं नाही" असं लिहिलं तर तुमच्याकडे काय होतं, ते आधी सांगा.

खाडीकाठ
सिस्टर, खरं सांगतो. ऑडिटला रिकामी ओळ म्हणजे त्रुटी, त्रुटी म्हणजे मालकांचा फोन. "लाइन बंद" लिहायला वहीत रकानाच नाही. आणि आज मीटिंगमध्ये ठरलं की यापुढे प्रत्येक नोंदीवर तीन सह्या: केमिस्ट, मॅडम, मी.

कातळसडा
सिस्टरनी विचारलेला प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता असं कुणीही म्हणेल, त्यांनी तो विचारला हे फार चांगलं झालं. मॅडमच्या मनात काय आहे ते मला दुरून कळणार नाही. पण खरी नोंद लिहिणाऱ्याला शिक्षा आणि खोटी लिहिणाऱ्याला शांतता, अशी वही असेल तर चोख म्हणून ओळखली जाणारी बाई सगळ्यात आधी अडकते. ज्याला कामाची फिकीर नाही तो खोटा आकडा लिहून घरी जाऊन झोपतो. जिचा सगळा मान चोखपणावर उभा आहे तिला ते स्वतःशी कबूल करणं जड जातं.

तीन सह्यांबद्दल मला काळजी वाटते. इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास 1960 च्या सुमारास मांडला. त्यात त्यांना दिसलं की तपासणीवर तपासणी, सहीवर सही ही पद्धत चुका टाळण्यापेक्षा निर्णयाचं ओझं वाटून टाकायला वापरली जाते. जबाबदारी इतक्या हातांतून फिरते की ती कुणाचीच राहत नाही आणि भीतीही तेवढ्यापुरती टळते. त्याचा संबंध इथे लावते. रात्री अडीच वाजता तुम्ही तिघं थर्मामीटरजवळ उभे राहणार आहात का? नसाल, तर सकाळी तिघंही न पाहिलेल्या आकड्यावर सही करणार. आज एकाने केलेलं उद्या तिघं करतील.

खाडीकाठ
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग मॅडमशी बोलू काय? "तुम्ही स्वतःचंच त्याच्यावर ढकलताय" असं सांगू?

कातळसडा
ते मुळीच सांगू नका. उपचारात महिनोन्‌महिने विश्वास बसल्यावरही ही गोष्ट सांगताना हात आखडतो. ऑफिसात तर ती फक्त शिवीसारखी ऐकू येते, आणि ज्या भीतीमुळे हे सुरू झालं ती दुप्पट होते. शिवाय तुम्ही चुकलेले असू शकता, मीही.

मशीनबद्दल बोला. "लाइट गेल्यावर हॉपरमधल्या रसाचं काय करायचं, तुम्ही इतकी वर्षं पाहिलंय, नियम तुम्हीच लिहून द्या." रस परत गरम करायचा की काढून टाकायचा, पहिले किती डबे वेगळे ठेवायचे, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? वहीत "लाइन बंद" असा रकाना करा आणि त्यासाठी कुणाला बोलणी बसणार नाहीत हे मालकांच्या तोंडून सगळ्यांसमोर येऊ द्या. जमलं तर तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र बसवा, म्हणजे आकडा कुणाच्याच इभ्रतीचा प्रश्न राहणार नाही. पोराला सांगा की खाडाखोड चालेल, चिठ्ठी चालणार नाही. आणि त्याचं पान काही दिवस मॅडमऐवजी तुम्ही बघा, म्हणजे ते रोजचं चक्र तुटेल. बॅचची जबाबदारी मात्र लेखी ठरलीच पाहिजे. समजून घेणं म्हणजे नोंद पुसणं नव्हे.

निवृत्त_बाई
यातलं एकही पाऊल उचलायला दमन मानावं लागत नाही, हे लक्षात आलं का?

कातळसडा
आलं. पण न मानता तुम्ही पोराला काढून टाकलं असतंत, किंवा मॅडमना खोटारड्या ठरवलं असतंत. मी मानते म्हणून मला तिसरी शक्यता शोधावीशी वाटली. ती दुसऱ्या वाटेनेही सापडू शकते, हे कबूल.

खाडीकाठ
आज मॅडमशी बोललो. नियम लिहून दिला, दोन पानं, अक्षर नेहमीसारखं टपोरं. लाइट गेली तर सुरू झाल्यावर हॉपर रिकामा करायचा आणि रस परत किटलीत घ्यायचा, हे पहिलंच कलम. त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, मीही काढला नाही. यंत्राला मालकांनी "पुढच्या सीझनला बघू" म्हटलंय. तीन सह्यांचा निर्णय मात्र मागे घ्यायला ते तयार नाहीत.

सिव्हिल_सिस्टर
सह्या राहणारच असतील तर सहीशेजारी वेळ लिहायला लावा. आमच्याकडे त्यानेच थोडा फरक पडला. सकाळी साडेसातला सही करणाऱ्याला रात्री अडीचच्या आकड्यासमोर "7.30" लिहावं लागतं.

मालवणी_तिखला
ह्या बरा आसा. पण माका अजून एक कळूक नाय, त्या पोराक कोणी सॉरी म्हटला काय?

खाडीकाठ
नाही. मॅडमनी नाही, मालकांनी नाही. मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, सर, माझी जुनी खाडाखोडीची पानं पण ऑडिटला दाखवणार का? मी म्हटलं, तीच आधी दाखवणार.